बँकेचे भांडवल नुकसान कसे झेलते: ताळेबंद समोर ठेवून भांडवल पर्याप्तता प्रमाण कसे काढावे आणि कसे वाचावे

बँकेचे भांडवल शोधायला तिजोरीत गेलात तर ते सापडणार नाही. भांडवल म्हणजे बाजूला काढून ठेवलेली रोकड, असा समज फार पसरलेला आहे. ‘बँकेने इतके भांडवल राखून ठेवले आहे’ अशा बातम्यांतल्या वाक्यांनी तो आणखी घट्ट होतो. भांडवल असते ताळेबंदाच्या देणी बाजूला. बँकेने दिलेली कर्जे, घेतलेले रोखे आणि हातातली रोख या सगळ्यासाठी पैसा कुठून आला, याचे उत्तर त्या बाजूला लिहिलेले असते. बराचसा पैसा ठेवीदारांचा असतो आणि तो परत द्यावाच लागतो. थोडा भागधारकांचा असतो, आणि तो परत देण्याचे वचन कोणी दिलेले नसते. कर्ज बुडाले की डावी-उजवी बाजू जुळवण्यासाठी देणी बाजूचे काहीतरी कमी करावे लागते, आणि सर्वात आधी कमी होतो तो हा वचन नसलेला पैसा. धक्का झेलणारा थर म्हणतात तो एवढाच.

हा थर किती जाड आहे, हे भांडवल पर्याप्तता प्रमाण सांगते. खाली एका काल्पनिक बँकेचा ताळेबंद घेऊन ते प्रमाण पायरीपायरीने काढू, मग त्या बँकेचे एक मोठे कर्ज बुडवून पाहू. सगळे आकडे कोटींत आहेत. चलन कोणते याने हिशेबात फरक पडत नाही.

पायरी १: ताळेबंद मांडा

आपल्या बँकेची एकूण मालमत्ता १०,००० आहे. देणी बाजूला ठेवी ८,७००, इतर बँकांकडून व बाजारातून घेतलेली कर्जे ५००, दुय्यम रोखे १०० आणि भागधारकांचा पैसा ७००. या ७०० पैकी २०० मूळ भागभांडवल, तर ५०० वर्षानुवर्षे न वाटता ठेवलेला नफा, म्हणजे गंगाजळी.

दुय्यम रोखे म्हणजे असे कर्ज, की बँक बुडाल्यास ठेवीदार आणि इतर धनको यांचे भागल्याशिवाय ज्यांना काही मिळत नाही. त्या बदल्यात त्यांना व्याज जास्त मिळते.

पायरी २: अंश काढा, म्हणजे भांडवल मोजा

सर्वात भक्कम भांडवलाला नियमांत सामाईक भागभांडवल टियर वन म्हणतात. बँकिंगमधले लोक त्याला नुसते ‘सीईटी वन’ म्हणतात. आपल्या बँकेत ते ७०० पासून सुरू होते, पण ७०० वर थांबत नाही. ताळेबंदात ४० कोटींची अशी मालमत्ता आहे जी हाताला लागत नाही: विकत घेतलेल्या एका व्यवसायाचे नावलौकिक मूल्य आणि स्वतःसाठी बनवलेले सॉफ्टवेअर. बँक अडचणीत आली तर यांचे कोणी काही देणार नाही, म्हणून ते सरळ वजा होतात. सीईटी वन उरले ६६०.

या वजावटीकडे नीट बघा. पुढच्या वर्षांच्या करात मिळू शकणारी सूट काही बँका मालमत्ता म्हणून दाखवतात. ती सूट उपयोगी पडते फक्त पुढे नफा झाला तर. म्हणजे तोटा होऊन भांडवलाची गरज पडते, नेमक्या त्याच वेळी ही मालमत्ता पोकळ ठरते. म्हणून पुढच्या नफ्यावर विसंबलेला असा भाग नियमही वजा करायला लावतात, आणि ते योग्यच आहे.

सीईटी वन आणि टियर टू यांच्या मध्ये कायमस्वरूपी रोख्यांचा एक थर असतो, त्याला अतिरिक्त टियर वन म्हणतात. आपल्या बँकेकडे तो नाही, त्यामुळे तिचे टियर वनही ६६०च.

टियर टू मध्ये येतात दुय्यम रोखे. ते १०० चे आहेत, पण सगळे १०० धरता येत नाहीत. परतफेडीला पाच वर्षे उरली की त्यांची भांडवल म्हणून किंमत दरवर्षी २० टक्क्यांनी उतरते, कारण लवकरच परत द्यायचा पैसा धक्का झेलायला कितीसा टिकणार? आपल्या रोख्यांना तीन वर्षे उरली आहेत, म्हणून त्यांचे फक्त ६० धरायचे.

एकूण भांडवल ६६० अधिक ६०, म्हणजे ७२०.

पायरी ३: छेद काढा, म्हणजे मालमत्तेला भार लावा

छेदात १०,००० घालायचे नाहीत. सरकारी रोख्यात घातलेले १०० आणि पतमानांकन नसलेल्या कंपनीला दिलेले १०० सारख्याच वेगाने बुडत नाहीत. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बेसल समितीने १९८८ च्या करारात हा विचार आकड्यांत बसवला. प्रत्येक मालमत्तेला एक जोखीम भार द्यायचा, रकमेला त्याने गुणायचे आणि आलेल्या बेरजेच्या किमान ८ टक्के भांडवल ठेवायचे. नियम पुढे बरेच बदलले, पण गाभा तोच राहिला. याच समितीच्या नंतरच्या करारातल्या, म्हणजे बेसल तीनच्या, अंतिम नियमांतल्या प्रमाणित पद्धतीने आपल्या बँकेचा हिशेब असा होतो:

| मालमत्ता | रक्कम | भार (टक्के) | भारित रक्कम |
|---|---|---|---|
| रोख व मध्यवर्ती बँकेतील शिल्लक | ८०० | ० | ० |
| स्वतःच्या चलनातील सरकारी रोखे | २,२०० | ० | ० |
| उत्तम मानांकनाच्या बँकांकडील येणे | ५०० | २० | १०० |
| घरकर्जे, घराच्या किमतीच्या ६० ते ८० टक्के | १,२५० | ३० | ३७५ |
| घरकर्जे, घराच्या किमतीच्या ८० ते ९० टक्के | १,२५० | ४० | ५०० |
| लहान किरकोळ कर्जे | १,२०० | ७५ | ९०० |
| मानांकन नसलेल्या कंपन्यांना कर्जे | २,६०० | १०० | २,६०० |
| इमारती व इतर | १६० | १०० | १६० |
| वजा केलेली अमूर्त मालमत्ता | ४० | – | – |

रकमेच्या स्तंभाची बेरीज १०,०००, शेवटच्याची ४,६३५. अमूर्त मालमत्तेचे ४० आपण अंशातून आधीच पूर्ण वजा केले, म्हणून छेदात पुन्हा धरलेले नाहीत. स्वतः हिशेब करणारे इथे हमखास चुकतात आणि एकाच रकमेची शिक्षा दोनदा करतात.

ताळेबंदाबाहेरची आश्वासने अजून राहिली. बँकेने कंपन्यांसाठी ३४० च्या कर्जहमी दिल्या आहेत. कंपनीने पैसे भरले नाहीत तर बँकेला भरावे लागतील, तेव्हा हे जवळजवळ कर्जच आहे आणि सगळे ३४० धरायचे. शिवाय कंपन्यांना मंजूर केलेल्या पण अजून न उचललेल्या मर्यादा ५०० आहेत. त्यातला ४० टक्के भाग उचलला जाईल असे नियम मानतो, म्हणून २००. न उचललेली मर्यादा कागदावर निरुपद्रवी दिसते, पण अडचणीतली कंपनी बुडण्याआधी मर्यादा शेवटच्या पैशापर्यंत वापरून घेते. कर्जविभागात काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही.

४,६३५, ३४० आणि २०० मिळून पतजोखमीची भारित मालमत्ता ५,१७५ झाली.

पत सोडून आणखी दोन जोखमी आहेत. व्यापारासाठी ठेवलेल्या रोख्यांचे भाव पडण्याची बाजारजोखीम, आणि फसवणूक, यंत्रणा बंद पडणे अशी कार्यजोखीम. यांच्यासाठी नियम थेट लागणारे भांडवल काढतो. समजा ते अनुक्रमे २४ आणि ४२ आले. छेदात मिसळण्यासाठी त्यांना १२.५ ने गुणतात. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो ८ टक्क्यांचा व्यस्त आहे. गुणून आले ३०० आणि ५२५.

एकूण जोखीम-भारित मालमत्ता ६,०००.

पायरी ४: भागाकार

७२० भागिले ६,००० म्हणजे १२ टक्के. सीईटी वनचे प्रमाण ११ टक्के.

बेसल तीनप्रमाणे सीईटी वन किमान ४.५, टियर वन किमान ६ आणि एकूण भांडवल किमान ८ टक्के लागते. त्यावर २.५ टक्क्यांचा संवर्धन थर असतो, तो सीईटी वननेच भरायचा. म्हणून एकूण प्रमाणासाठी आरामात वावरायची रेषा १०.५ ची. देशोदेशीचे नियामक याहून वरचा आकडा लावू शकतात. भारतात रिझर्व्ह बँकेने ८ च्या जागी ९ ठेवले आहेत. इथे आपण ८ आणि १०.५ धरून चालू.

पायरी ५: आता एक कर्ज बुडवा

एका उद्योगसमूहाला दिलेले ३०० चे कर्ज थकले. तारण विकून आणि वाटाघाटी करून ४० टक्के हाती येतील असा अंदाज आहे. म्हणजे १२० येतील, १८० गेले.

पहिला धक्का भांडवलावर येत नाही. दरवर्षी काही कर्जे बुडणारच, हे बँकेला ठाऊक असते आणि तिने ते व्याजदरात धरलेले असते. शंभरातले एक कर्ज थकते आणि थकलेल्यातले ६० टक्के बुडतात असा अनुभव असेल, तर प्रत्येक कर्जदाराच्या व्याजात ०.६ टक्के त्यासाठीच असतात. ही झाली अपेक्षित हानी, आणि ती चालू नफ्यातून भागते. भांडवल आहे ते अपेक्षेबाहेरच्या हानीसाठी. दोन्हींची गल्लत केली की ‘नुकसान झाले, मग भांडवल का नाही घटले?’ असा प्रश्न पडतो.

आपल्या बँकेला या वर्षी तरतुदींच्या, म्हणजे बुडीत धरून नफ्यातून कापायच्या रकमांच्या, आधी ८० चा नफा झाला. १८० ची तरतूद त्यातून वजा केली, ८० संपले आणि १०० भागधारकांच्या पैशातून गेले. करपरिणाम सोपेपणासाठी सोडून देतो.

आता ताळेबंद पाहा. मालमत्ता १०,००० होती. कर्जाची किंमत १८० ने उतरली, नफ्याचे ८० रोखीत आले, राहिली ९,९००. देणी बाजूला ठेवी ८,७००, कर्जे ५००, दुय्यम रोखे १०० आणि भागधारक ७०० चे ६००. ठेवीदारांच्या रकमेला हातही लागला नाही. १८० बुडाले, पण कोणत्याही ठेवीदाराच्या पासबुकात त्याची नोंद नाही. थराने काम केले ते असे. कुठून रोकड काढून कुठे भरावी लागली नाही.

प्रमाण किती झाले? सीईटी वन ६०० वजा ४०, म्हणजे ५६०. छेदही हलतो, आणि ही गोष्ट सहसा विसरली जाते. बुडालेले १८० आता मालमत्तेत नाहीत, तेव्हा त्यांचा भारही नाही. उरलेल्या १२० ला, तरतूद २० टक्क्यांहून जास्त असल्याने, भार १०० टक्केच राहतो. छेद ६,००० वरून ५,८२० झाला. रोखीत आलेल्या ८० ला भार शून्य.

एकूण भांडवल ५६० अधिक ६०, म्हणजे ६२०. त्याला ५,८२० ने भागले की १०.६५ टक्के. रेषेच्या जेमतेम वर.

पण या हिशेबात एक वर्ष सरले आहे. दुय्यम रोख्यांना आता तीन नव्हे, दोन वर्षे उरली, आणि त्यांचे ६० नव्हे तर ४० धरायचे. भांडवल ६००, प्रमाण १०.३१. थकलेल्या कर्जाने बँक रेषेपर्यंत आणली आणि रोख्यांच्या नुसत्या वयाने तिला खाली ढकलले. १०.५ च्या खाली गेलेली बँक बंद होत नाही, संवर्धन थर वापरण्यासाठीच आहे. मात्र त्याचा जितका भाग खाल्ला असेल तितके लाभांश, समभागांची पुनर्खरेदी आणि बोनस यांवर बंधन येते. आपल्या बँकेचा थर फारसा खाल्लेला नाही, म्हणून पुढच्या नफ्यातले किमान ४० टक्के तिने राखायचे. थर तळाला गेला असता तर शंभर टक्के.

तरतूद कमी ठेवून ही वेळ टाळता आली असती का? नियमाने ही पळवाट थोडी बुजवली आहे. थकलेल्या कर्जावर २० टक्क्यांहून कमी तरतूद असेल तर उरलेल्या रकमेचा भार १५० टक्के होतो. ३०० वर फक्त ३० ची तरतूद केली तर उरलेले २७० छेदात ४०५ म्हणून येतात. कर्ज बुडाले आणि छेद मात्र फुगला. पण यासाठी कर्ज थकले असे आधी कबूल करावे लागते. त्याकडे पुढे येऊ.

पायरी ६: थर किती झेलेल?

प्रमाण १२ आहे आणि किमान ८ आहे, म्हणून ‘४ टक्के झेलू शकेल’ असे म्हणणे सोपे, पण कशाचे ४ टक्के? मूळ स्थितीतून, नफा बाजूला ठेवून, हानी किती झाली की प्रमाण बरोबर ८ वर येते, हे काढायला एक ओळ पुरते:

```
L = (C - 0.08 × R) / (1 - 0.08 × w)
```

इथे C भांडवल, R जोखीम-भारित मालमत्ता, w बुडणाऱ्या मालमत्तेचा भार दशांशात, आणि L झेलता येणारी हानी. आपल्या बँकेत वरचा भाग ७२० वजा ४८०, म्हणजे २४०. कंपनीकर्जांचा भार १, म्हणून २४० भागिले ०.९२, साधारण २६१. घरकर्जांचा सरासरी भार ०.३५, त्यामुळे तिथे साधारण २४७. सरकारी रोख्यांवर हानी झाली तर छेद मुळीच घटत नाही, म्हणून बरोबर २४०.

२६१ ही निव्वळ हानी आहे, थकलेल्या कर्जांची रक्कम नव्हे. थकलेल्यातले ६० टक्के बुडतात असे धरले तर साधारण ४३५ ची कर्जे थकावी लागतील. २,६०० च्या कंपनीकर्जांतला हा साधारण सहावा हिस्सा. वर्षाचा ८० चा नफा मोजला तर वरचा भाग ३२० होतो आणि झेपणारी हानी साधारण ३४८. ‘१२ टक्के’ या आकड्यापेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी वाटते: सहापैकी एक कंपनीकर्ज थकेपर्यंत ही बँक किमान रेषेच्या वर राहते.

भागधारकांचे ७०० आणि दुय्यम रोख्यांचे १०० संपवून हानी ८०० च्या पुढे गेली तरच ठेवीदारांपर्यंत पोचते, असे कागद म्हणतो. प्रत्यक्षात बँका शून्यापर्यंत पोचतच नाहीत. त्याच्या बऱ्याच आधी मोठे ठेवीदार आणि उसने देणाऱ्या बँका पैसे काढून घेऊ लागतात.

पायरी ७: छापलेल्या प्रमाणावर विश्वास किती ठेवायचा

वार्षिक अहवालात १२ टक्के वाचून थांबू नका. आतापर्यंतचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: बुडालेले बुडाले म्हणून लिहिले गेले. कर्ज थकल्याचे कबूलच केले नाही, तर तरतूद नाही, वजावट नाही, आणि प्रमाण १२ च राहते. याचा सर्वात जुना मार्ग म्हणजे जुन्या कर्जाचे व्याज भरण्यासाठी त्याच कर्जदाराला नवे कर्ज देणे. खाते नियमित दिसते आणि बँकेच्या उत्पन्नात व्याजही दिसते. रोख मात्र बँकेचीच बँकेकडे फिरलेली असते.

बाहेरून हे ओळखायची खूण एकाच आकड्यात सापडत नाही. हिशेबात धरलेले पण प्रत्यक्षात न आलेले व्याज वर्षानुवर्षे कर्जांपेक्षा वेगाने वाढत असेल, पुनर्रचित कर्जांचा ढीग वाढत असेल, आणि थकीत कर्जे मात्र कमीच राहत असतील, तर मी त्या बँकेचे प्रमाण पेन्सिलने लिहितो, पेनने नाही.

जी थकबाकी कबूल केली आहे तिच्यावरची तरतूद तपासणे त्याहून सोपे. अहवालात एकूण अनुत्पादक कर्जे आणि त्यांच्यावरची तरतूद दोन्ही दिलेली असतात. समजा आपल्या बँकेत, ते ३०० चे कर्ज थकण्यापूर्वीच, २४० ची अनुत्पादक कंपनीकर्जे होती आणि तरतूद ६० ची, म्हणजे २५ टक्के. बँकेचा स्वतःचा अनुभव मात्र ६० टक्के बुडतात असा. मग तरतूद १४४ हवी होती, ८४ कमी पडतात. हे ८४ अंशातूनही काढा आणि छेदातूनही. ६३६ भागिले ५,९१६, म्हणजे १०.७५ टक्के. अहवालातले १२ आणि तुमच्या वहीतले १०.७५ यांतले अंतर म्हणजे बँकेने अजून न सांगितलेली गोष्ट.

दुसरी फट आहे शून्य भाराची. सरकारी रोख्यांचा भार शून्य, कारण सरकार स्वतःच्या चलनातली देणी बुडवत नाही असे गृहीत आहे. ते गृहीत पतजोखमीचे. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत पडते, त्याच्याशी या भाराचा संबंध नाही. मुदत संपेपर्यंत ठेवायचे म्हणून वर्ग केलेल्या रोख्यांची ही घट भांडवलातून वजाही होत नाही. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक याच फटीत गेली. २०२२ च्या अखेरीस तिचे भांडवल प्रमाण किमान रेषेच्या बरेच वर होते. पण मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांवर कागदावरचा, न नोंदलेला तोटा साधारण १५ अब्ज डॉलर होता आणि भागधारकांचा सगळा पैसा साधारण १६ अब्ज. मार्च २०२३ मध्ये हे अंतर ठेवीदारांच्या लक्षात आले. ९ तारखेला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघाले, १० ला बँक बंद झाली. एकही मोठे कर्ज बुडावे लागले नाही.

आपल्या बँकेच्या २,२०० रोख्यांपैकी अर्धे मुदतीपर्यंत ठेवायचे असतील आणि त्यांचा बाजारभाव १० टक्क्यांनी खाली असेल, तर ११० वजा करून पाहा. छेद तोच, ६,०००. प्रमाण १०.१७. रोखे विकायची वेळ आली नाही तर हा तोटा कधीच प्रत्यक्षात येणार नाही, हे खरे. ती वेळ येईल की नाही हे ठेवीदार ठरवतात, म्हणून ठेवी किती मोठ्या आणि किती थोड्या हातांत आहेत हे याच पानावर बघावे लागते.

छेदाची चाचणी त्यामानाने झटपट होते. जोखीम-भारित मालमत्तेला एकूण मालमत्तेने भागा. आपल्याकडे ६,००० भागिले १०,०००, म्हणजे ६० टक्के. शेजारच्या, तशाच कर्जांच्या बँकेत ७५ असेल तर आपलीत ६० का, हे विचारले पाहिजे. मोठ्या बँकांना स्वतःच्या सांख्यिकी प्रारूपाने भार काढायची मुभा असते आणि प्रारूप क्वचितच बँकेच्या विरुद्ध बोलते. म्हणूनच बेसल तीनमध्ये प्रारूपातून आलेली बेरीज प्रमाणित पद्धतीच्या ७२.५ टक्क्यांखाली जाऊ नये अशी फरशी घातली. शिवाय भार पूर्ण विसरून मोजायचे एक प्रमाण आहे, लिव्हरेज प्रमाण: टियर वन भागिले एकूण उघडी रक्कम. आपल्या बँकेत ही रक्कम म्हणजे वजावटीनंतरची मालमत्ता ९,९६० आणि ताळेबंदाबाहेरचे ५४०, मिळून १०,५००. ६६० भागिले १०,५००, म्हणजे ६.३ टक्के, आणि किमान आहे ३. एकीकडे भांडवल प्रमाण १५-१६ आणि दुसरीकडे लिव्हरेज साडेतीन असे दिसले, तर बँकेची सगळी ताकद भारांच्या गृहीतांत आहे असे समजा.

पायरी ८: घसरलेले प्रमाण वर कसे येते

आपली बँक १०.३१ वर आहे. भांडवल ६००, छेद ५,८२०. तिला पुन्हा १२ वर यायचे आहे.

नवे समभाग विकले तर छेद हलत नाही, कारण आलेली रोख शून्य भाराची. ५,८२० चे १२ टक्के साधारण ६९८, म्हणजे ९८ उभे करावे लागतील.

समभाग न विकता छेद घटवायचा तर ६०० हे १२ टक्के व्हायला छेद ५,००० हवा. ८२० ने कमी. कंपनीकर्जांचा भार १०० टक्के असल्याने ८२० ची कर्जे वसूल करून पुन्हा द्यायची नाहीत, आणि तो पैसा सरकारी रोख्यांत टाकायचा.

९८ आणि ८२० हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्हींनी प्रमाण सारखेच होते. पण पहिल्या मार्गात जुन्या भागधारकांची मालकी विरळ होते, आणि तीही अशा वेळी, जेव्हा बाजार बँकेच्या समभागाला पुस्तकी किमतीइतकेही देत नाही. दुसऱ्या मार्गाचा खर्च भागधारकांना फारसा दिसत नाही. तो पडतो त्या कंपन्यांवर, ज्यांनी हप्ते वेळेवर भरले आणि तरी ज्यांची मर्यादा या वर्षी नूतनीकरण झाली नाही. व्यवस्थापनावर सोडले तर निवड बहुधा दुसरीच होते. आणि बऱ्याच बँकांची कर्जे एकाच मंदीत बुडाली असतील तर सगळ्याच बँका एकाच महिन्यात हाच मार्ग धरतात. मग हप्ते भरणाऱ्या कंपन्याही थकू लागतात, आणि पायरी ५ चा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडावा लागतो.